मांजरी रात्रभर का ओरडते?

घरात पाळलेली मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की एका रात्री अचानक मोठ्याने, लांब सूर काढून ओरडू लागते. ऐकणाऱ्याला लहान मूल रडत आहे असे वाटते. एका पत्र्याच्या भिंतीला लागून दुसऱ्याचे घर असलेल्या वस्तीत हा आवाज चार घरांची झोप मोडतो. मग कोणी म्हणते तिच्या पोटात दुखते आहे, कोणी म्हणते मांजर रडणे अशुभ, आणि तिसरा सुचवतो की पोत्यात घालून मच्छीबाजारात सोडून या. यातले पहिले सहसा खरे नसते, दुसरे कधीच खरे नसते आणि तिसरे क्रूर आहे. मांजरी माजावर आलेली असते, एवढेच.

माजाची खूण ओळखायला सोपी आहे. मांजरी पायांत घोटाळते, जमिनीवर लोळते, दाराच्या चौकटीला अंग घासते. पाठीवर शेपटीजवळ हात फिरवला की पुढचे अंग खाली टेकते, मागचे वर उचलते, शेपटी बाजूला घेते आणि मागचे पाय जागच्या जागी आपटते. जेवण थोडे कमी होते, पण डोळे तरतरीत असतात, अंगात सुस्ती नसते. कुत्रीला माजात रक्त जाते, तसे मांजरीला जात नाही. म्हणून मांजरीच्या मागच्या बाजूने रक्त किंवा पू दिसला, ती लघवीला सारखी बसून कुंथत असली किंवा दिवसभर अन्नाला तोंड लावत नसली, तर तो माज समजून थांबू नका. तो आजार आहे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता हे परत परत का होते, ते पाहू. बाईच्या शरीरात दर महिन्याला बीज आपोआप सुटते. मांजरीचे तसे नाही. तिच्या अंडाशयात बीज तयार होते, पण ते सुटते सहसा बोक्याशी संग झाल्यावरच. बोका मिळाला नाही तर ते बीज जिरून जाते, मांजरी शांत होते आणि दोन-तीन आठवड्यांत अंडाशय नवे बीज तयार करून पुन्हा हाका मारायला लावते. एक माज साधारण आठवडाभर टिकतो. कधी तीन-चार दिवसांत आटोपतो, कधी दहा-बारा दिवस लांबतो.

एका घराची वही पाहू. मुलगी दहावीला, परीक्षा मार्चमध्ये, आणि ऑगस्टमध्ये जन्मलेली मांजरी घरात. पहिली हाक ३ फेब्रुवारीला ऐकू आली, ९ तारखेला आवाज थांबला. घरच्यांना वाटले, सुटलो. २४ फेब्रुवारीला पुन्हा सुरू, २ मार्चला बंद. मुलीने दोन्ही वेळा तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवल्या होत्या, म्हणून पुढचा फेरा ऐन परीक्षेत, मार्चच्या मध्याला येणार हे घरच्यांना आधीच कळले. मांजरी दाराबाहेर गेलेली नव्हती, म्हणजे गाभण नसणार. मधल्या शांत दिवसांत, ७ मार्चला, त्यांनी तिचे ऑपरेशन करून घेतले. तुम्हीही तारखा लिहा. डॉक्टरांना तारीख सांगितली की त्यांचे काम सोपे होते, कारण माजात अंडाशयाकडे रक्त जास्त धावते आणि पुष्कळ डॉक्टर त्या दिवसांत कापणे टाळतात.

हा फेरा दिवसाच्या उजेडावर चालतो. दिवस मोठा होऊ लागला की माज सुरू होतो, थंडीत दिवस लहान झाला की थांबतो. थंड देशांत म्हणून मांजरीला काही महिने विसावा मिळतो. आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्याच्या दिवसात दोन तासांच्या आसपासच फरक असतो, त्यात एकाच खोलीत मध्यरात्रीपर्यंत ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू. मांजरीच्या शरीराला तो दिवसच वाटतो. त्यामुळे थंडीतही माज येऊ शकतो.

ओरडण्याचे दिवस कसे काढायचे? खरे सांगायचे तर आवाज पूर्ण बंद करणारा कोणताही घरगुती उपाय नाही. तो कमी करता येतो. संध्याकाळी सुतळीला चिंधी बांधून तिला पंधरा-वीस मिनिटे पळवा आणि जेवणाचा मोठा वाटा रात्री झोपण्याआधी द्या. तिचा कोपरा अंधारा ठेवा, तिथे जुनी गोधडी टाका. खिडकी आणि पत्र्याखालची फट बंद करा. ती फट फार महत्त्वाची आहे, कारण माजावरची मांजरी वीतभर जागेतूनही निसटते. बोके दारावर मुततील. ती जागा साबणाच्या पाण्याने आणि मग व्हिनेगरने धुवा. फिनाइल वापरू नका, ते पायाला लागून चाटण्यात गेले तर मांजराला विषारी ठरते. अंगावर पाणी ओतून किंवा मारून ती गप्प होत नाही, फक्त बुजते. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की आठवडाभराचा प्रश्न आहे. निम्मे भांडण तिथेच मिटते.

माणसाची कोणतीही गोळी देऊ नका. तापाची पॅरासिटामॉल एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माज थांबवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने मिळतात, स्वस्तही असतात, पण त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनात गाठी होण्याचा धोका वाढतो. पू झालेली मांजरी माजानंतर काही आठवड्यांनी मलूल होते, पाणी फार पिते, पोट फुगते. उशीर झाला तर ती वाचत नाही.

‘एकदा पिल्ले होऊ द्या, मग शांत होईल’ हा सल्ला तर प्रत्येक गल्लीत मिळतो. गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचे. पिल्ले अंगावर पीत असतानाच मांजरी पुन्हा माजावर येऊ शकते. शांतता दोन-तीन महिन्यांची आणि घरात चार तोंडे जास्त.

कायमचा उपाय ऑपरेशनचाच. त्यात अंडाशय काढतात, बहुधा गर्भाशयही. पाचव्या महिन्याच्या सुमारास, पहिल्या माजाआधीच केले तर उत्तम. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. मुंबईकरांना परळचे ‘बैलघोडा’ हॉस्पिटल माहीत असतेच. मांजरी मधे एखादी रात्र बाहेर राहिली असेल तर ते लपवू नका, ती गाभण असू शकते. उपाशी किती तास ठेवायचे ते डॉक्टरांनाच विचारा. लहान वयाच्या मांजरीला रात्रभर उपाशी ठेवू नये. नेताना झाकणाची, भोके असलेली टोपली घ्या, हातात धरून रिक्षात बसू नका. घरी आणल्यावर ती काही तास झोकांड्या खाईल, तेव्हा तिला जमिनीवरच उबदार जागी ठेवा. दहा-बारा दिवस माळ्यावर उड्या मारू देऊ नका, टाके चाटू देऊ नका. जखम रोज एकदा पाहा. सूज वाढत असेल, पाणी किंवा पू येत असेल तर लगेच परत न्या.

माजातच ऑपरेशन झाले असेल तर आवाज काही दिवस रेंगाळतो, मग जातो. मात्र काही महिन्यांनी तीच हाक आणि तीच शेपटी बाजूला घेण्याची खूण दिसली, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. अशा वेळी तारखा लिहिलेले कॅलेंडर घेऊन तिला माजाच्या दिवसांतच डॉक्टरांना दाखवा, म्हणजे निदान करणे सोपे जाते.