लंबकाला काय कळते, स्प्रिंगला काय कळते?

(एस. वाय. बी. ए., भूगोल)

पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी व विषुववृत्ताजवळ किंचित फुगीर आहे, हे वाक्य आम्हां भूगोलाच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु पृथ्वीचे छायाचित्र काढणारी याने आकाशात जाण्यापूर्वी तीन शतके हे माणसाला कळले कसे, हा प्रश्न सहसा आपण विचारीत नाही. त्याची पहिली खूण मिळाली ती एका घड्याळाच्या लंबकात. लंबकाऐवजी त्या घड्याळात स्प्रिंगला टांगलेले वजन असते, तर ही खूण मुळीच मिळाली नसती. असे का, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

रिशेचे घड्याळ

१६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे मंगळाचे वेध घेण्यासाठी गेला. केयेन हे विषुववृत्ताच्या उत्तरेस अवघ्या पाच अंशांवर आहे. त्याने बरोबर लंबकाचे घड्याळ नेले होते. पॅरिसला बिनचूक चालणारे घड्याळ येथे मात्र रोज मागे पडू लागले. आकाशातील गतीशी ताडून पाहता ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडते, असे त्याला आढळले.

रिशेने आणखी एक गोष्ट केली. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यास बरोबर एक सेकंद घेणारा, म्हणजेच दोन सेकंदांत पूर्ण झोका घेणारा, साधा लंबक त्याने तेथे मापला. पॅरिसमधल्या अशा लंबकापेक्षा तो सव्वा 'रेषा' आखूड भरला. ('रेषा' हे तेव्हाचे फ्रेंच माप. सव्वा रेषा म्हणजे आजचे सुमारे २.८ मिलिमीटर.)

एवढ्याशा फरकाचा अर्थ काय? तो समजण्यासाठी लंबकाचा नियम पाहू या.

लंबकाचा नियम

दोऱ्याला जड गोळी बांधून टांगली, थोडी बाजूला ओढून सोडली, की झाला साधा लंबक. एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणे, यास लागणारा वेळ तो दोलनकाल. त्याचे सूत्र असे:

T = 2π√(l/g)

येथे l ही लंबकाची लांबी व g हे त्या ठिकाणचे गुरुत्वत्वरण. या सूत्रात गोळीचे वस्तुमान कोठेच नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. गोळी लाकडाची असो वा शिशाची, लांबी तीच असेल तर वेळही तोच. कारण सोपे आहे. गोळीला मध्याकडे परत ओढणारे बळ हे तिच्या वजनाचाच एक भाग असते. गोळीचे वस्तुमान दुप्पट केले तर ओढणारे बळ दुप्पट होते, पण जे हलवावयाचे तेही दुप्पट जड झालेले असते. फायदा आणि तोटा सारखाच, म्हणून वस्तुमान हिशेबातून निघून जाते.

उरतात दोन गोष्टी, लांबी आणि गुरुत्व. लांबी वाढली की झोका सावकाश होतो, गुरुत्व वाढले की जलद होतो. मात्र दोन्ही वर्गमुळाखाली असल्यामुळे लांबी चौपट करावी तेव्हा कोठे वेळ दुप्पट होतो. बदल अगदी लहान असेल तर याहून सोपा नियम लागू पडतो: लांबीत किंवा गुरुत्वात शेकडा एक फरक पडला, तर दोलनकालात शेकडा अर्धा फरक पडतो.

मिनिटांचा हिशेब

आता रिशेच्या घड्याळाचा हिशेब करू. दिवसाचे सेकंद ८६,४००. घड्याळ मंद होण्याचे कारण एकतर लांबी वाढली असेल किंवा गुरुत्व घटले असेल. तिसरी वाट सूत्रात नाही.

प्रथम लांबीवर संशय घ्यावा, कारण केयेन उष्ण आहे व उष्णतेने लोखंड लांबते. तापमान एक अंश सेल्सियस वाढले की लोखंडाची दांडी एक लाख भागांत सुमारे १.२ भाग लांबते. केयेनची हवा पॅरिसपेक्षा २० अंशांनी अधिक उष्ण धरली, तर वाढ झाली एक लाखात २४ भाग. तिच्या निम्मा फरक वेळेत पडेल, म्हणजे एक लाखात १२. यास ८६,४०० ने गुणले तर दिवसाला सुमारे १० सेकंद येतात. अडीच मिनिटांची भरपाई दहा सेकंदांनी होत नाही. तेव्हा उष्णता हे मुख्य कारण नव्हे.

मग राहते गुरुत्व. आजच्या मापनाप्रमाणे पॅरिस येथे गुरुत्वत्वरण ९.८०९ आणि केयेनच्या अक्षांशावर सुमारे ९.७८० मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. फरक ०.०२९, म्हणजे हजारात जवळजवळ तीन भाग. वेळेतील फरक याच्या निम्मा, हजारात दीड. ८६,४०० सेकंदांत तो होतो सुमारे १२८ सेकंद, म्हणजे दोन मिनिटे आठ सेकंद. सेकंदाचा लंबक पॅरिसला ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या हजारात तीन भाग म्हणजे २.९ मिलिमीटर. रिशेने मापलेला फरक होता २.८! घड्याळापेक्षा त्याचा साधा लंबक सत्याच्या अधिक जवळ गेला होता.

न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात या निरीक्षणाचा आधार घेतला. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्तावर वस्तू काहीशी हलकी भासते, आणि त्याच फिरण्याने पृथ्वीचा मध्यभाग फुगलेला असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आज आपल्याला माहीत आहे की ध्रुवावर गुरुत्वत्वरण ९.८३२ व विषुववृत्तावर ९.७८० आहे. या ०.०५२ च्या फरकापैकी सुमारे ०.०३४ हा थेट फिरण्याचा परिणाम असून उरलेला पृथ्वीच्या आकारामुळे आहे. लंबक हा अशा रीतीने गुरुत्व मोजणारा काटाच आहे.

स्प्रिंगचा नियम

आता दुसरा गडी घेऊ. स्प्रिंगला खाली वजन टांगले व थोडे ओढून सोडले, तर ते वरखाली होऊ लागते. त्याचा दोलनकाल:

T = 2π√(m/k)

येथे m हे टांगलेले वस्तुमान व k हा स्प्रिंगचा ताठपणा, म्हणजे ती एक मीटर ताणण्यास लागणारे बळ. येथे सगळे उलटे झाले आहे. वस्तुमान सूत्रात आले आणि गुरुत्व निघून गेले. कारण परत ओढणारे बळ आता वजनातून येत नसून स्प्रिंगच्या ताणातून येते. वस्तुमान वाढले म्हणून स्प्रिंग काही जास्त जोराने ओढीत नाही. जड वस्तू त्याच बळाला हलवावी लागते, म्हणून वेळ वाढतो.

पण येथे मनात शंका येते. रद्दीवाल्याच्या ताणकाट्यात वजनानेच स्प्रिंग ताणली जाते, म्हणजे गुरुत्वाचा संबंध दिसतोच! मग दोलनकालात गुरुत्व का नाही? एक उदाहरण सोडवून पाहू.

२०० ग्रॅम वजन टांगल्यावर एक स्प्रिंग ५ सेंटिमीटर ताणली गेली असे समजा. बळ झाले ०.२ गुणिले ९.८ = १.९६ न्यूटन. त्यास ०.०५ मीटरने भागले की ताठपणा ३९.२ न्यूटन प्रति मीटर. सूत्रात घातल्यास दोलनकाल ०.४५ सेकंद, म्हणजे २० दोलनांना सुमारे ९ सेकंद. ८०० ग्रॅम टांगले तर वस्तुमान चौपट, वेळ दुप्पट: १८ सेकंद.

हीच स्प्रिंग २०० ग्रॅमसह चंद्रावर नेऊ. तेथे गुरुत्वत्वरण १.६२, म्हणून ती फक्त ०.८३ सेंटिमीटर ताणली जाईल. ताणकाटा म्हणेल की वजन सहावा हिस्सा झाले. पण ओढून सोडली की पुन्हा २० दोलनांना तेच ९ सेकंद! गुरुत्वाने फक्त स्थिर राहण्याची जागा वरखाली केली. त्या जागेपासून एक सेंटिमीटर ओढल्यावर स्प्रिंगचा परतीचा जोर दोन्हीकडे सारखाच असतो.

याच्या शेजारी ५ सेंटिमीटर लांबीचा लंबक टांगू. पृथ्वीवर त्याचीही २० दोलने ९ सेकंदांत होतात, कारण स्प्रिंगचा ताण व लंबकाची लांबी सारखीच घेतली आहे. पृथ्वीवर दोघे जोडीने चालतील. चंद्रावर मात्र लंबकाला २२ सेकंद लागतील आणि स्प्रिंगला ९. जोडी फुटेल.

जेथे लंबक थांबतो

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात वजन जाणवत नाही. तेथे लंबक झोकाच घेत नाही आणि ताणकाटाही शून्य दाखवितो. मग अंतराळवीराचे वजन घटले की नाही हे कसे पाहावयाचे? १९७३ साली अमेरिकेने सोडलेल्या स्कायलॅब या स्थानकात (हीच स्कायलॅब १९७९ साली कोसळली) त्यासाठी स्प्रिंगवर झुलणारे आसन होते. अंतराळवीराने त्यात घट्ट बसावयाचे व आसनाचा दोलनकाल मोजावयाचा.

आकडे माझे आहेत, रीत तीच: स्प्रिंगचा ताठपणा ६००, आसन २० किलो, माणूस ७० किलो. एकूण ९० किलोला दोलनकाल २.४३ सेकंद. काही आठवड्यांनी तो २.३९ भरला, तर एकूण वस्तुमान सुमारे ८७ किलो येते. म्हणजे माणूस तीन किलोंनी उतरला. फरक सेकंदाच्या शंभरात चार भागांचाच, म्हणून वेळ फार सूक्ष्मपणे मोजावा लागतो. शिवाय अंग सैल सोडले तर ते आसनाबरोबर न हलता मागेपुढे होते व आकडा चुकतो.

सूत्रे कोठे फसतात

लंबकाचे सूत्र लहान झोक्यालाच लागू आहे. मध्यापासून १० अंशांचा झोका घेतला तर वेळ हजारात सुमारे दोन भागांनी वाढतो. दिसावयास हे क्षुल्लक, पण दिवसाला ते १६४ सेकंद होतात, रिशेच्या फरकाहून अधिक! झोका २ अंशांवर आणला की चूक सात सेकंदांच्या आत येते. तसेच लांबी मोजताना ती टांगणीपासून गोळीच्या मध्यापर्यंत घ्यावी, नुसता दोरा मोजू नये.

स्प्रिंगच्या बाबतीत तिचे स्वतःचे वस्तुमान आडवे येते. तीही वजनाबरोबर हलते, पण वरचे टोक स्थिर असल्यामुळे तिचा सुमारे एक तृतीयांश भागच हिशेबात धरतात. हे ओळखण्याची खूण अशी: निरनिराळी वजने टांगून दोलनकालाच्या वर्गाचा आलेख काढावा. रेषा सरळ येते, पण शून्यातून न जाता थोडी वरून जाते. म्हणजे काहीच टांगले नसतानाही काहीतरी हलत आहे. ती स्प्रिंगच होय.

तात्पर्य, लंबकाला वस्तुमान कळत नाही आणि स्प्रिंगला गुरुत्व कळत नाही. म्हणूनच स्प्रिंगचे दोलन केयेनला नेऊनही पॅरिससारखेच चालले असते, आणि पृथ्वीच्या फुगीरपणाविषयी त्याने चकार शब्द काढला नसता.