ईटीएफला गिऱ्हाईक कोण देतं?

प्रश्न : माझे निफ्टी ईटीएफचे युनिट विकायला टाकले की लगेच विकले जातात. समोर सतत घेणारा असतो कोण? त्याला काय मिळतं?

उत्तर : बहुधा तो मार्केट मेकर असतो. सेबीच्या नियमानुसार फंड कंपनीला ईटीएफसाठी किमान 2 मार्केट मेकर नेमावे लागतात. समजा, युनिटचं मूल्य 250 रुपये आहे. तो 249.90 ला घ्यायला आणि 250.10 ला द्यायला तयार असतो. तुमचे 1000 युनिट घेऊन त्याने दुसऱ्याला विकले, की 200 रुपये सुटतात; खर्च त्यातूनच जातो. तुम्हाला मात्र खरेदीदाराची वाट पाहावी लागत नाही.

मधल्या वेळात बाजार पडला तर तोटा त्याचा. म्हणून तो निफ्टी फ्युचर्स विकून जोखीम झाकतो, किंवा साठलेले युनिट फंडाला परत देतो. बाजार उसळू-कोसळू लागला, की तो खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतर वाढवतो आणि तुमचा खर्चही वाढतो.

त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी फंडाच्या संकेतस्थळावर आय-एनएव्ही पाहा आणि मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट ऑर्डरच टाका.