किती किलोचा ड्रम घ्यावा?

प्रश्न : सांगलीत आम्ही पाच जण आहोत, सात किलोचं वॉशिंग मशीन पुरेल का?

उत्तर : हे किलो कोरड्या सुती कपड्यांचे असतात. माणशी रोजचे साधारण एक किलो धरले, तर तुमचे पाच होतात. पण चादरी-टॉवेलच्या दिवशी त्यात दोन-अडीच किलोंची भर पडते. ड्रमच्या वर वीतभर जागा मोकळी हवी, नाहीतर कपडे घुसळत नाहीत, घड्यांत साबण राहतो. म्हणून आठ किलो घ्या. ‘मोठ्याला पाणी जास्त लागतं’ हा आक्षेप रोज अर्धाच ड्रम भरणाऱ्यांपुरता खरा. दोघांना सहा-साडेसहा पुरतं. साताऱ्यातल्या हॉस्टेलच्या खोलीत तिघं पाळीपाळीने धुणार असतील, तर तेवढंच. जाड रजई मात्र त्यात कोंबू नये.