सोळा मिनिटांचा हिशेब

चाकणच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ आमच्या वर्गात शिकायला येतात. एके दिवशी ते विजेची नवी स्कूटर घेऊन आले. म्हणाले, "गुरुजी, हिला लायसन नको, नंबर नको. दुकानदारानंच सांगितलं."

आम्ही विचारले, "घरापासून कारखान्याचं फाटक किती लांब?"

"बारा किलोमीटर. सोळा मिनिटांत पोचतो!"

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. १६ मिनिटांत १२ किलोमीटर, तर चार मिनिटांत ३. म्हणजे तासाला ४५ किलोमीटर झाले.

आता कायदा पाहू. लायसन आणि नोंदणी न लागणाऱ्या गाडीला तीन अटी आहेत. मोटरची ताकद २५० वॉटपेक्षा कमी हवी. वेग तासाला २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून गाडीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. तिन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. शिवाय सरकारमान्य संस्थेने गाडीचा तो नमुना तपासून दाखला दिलेला असावा. पुण्याची 'एआरएआय' ही अशी एक संस्था आहे.

अशा गाडीला बारा किलोमीटर जायला जवळजवळ अर्धा तास लागतो. मग ही सोळा मिनिटांत कशी पोचली? कारखान्यात गाडीच्या वेगाला लगाम घातलेला असतो. काही दुकानदार तो काढून टाकतात. गिऱ्हाईक खूश होते, पण गाडी कायद्याच्या बाहेर जाते. २०२२ साली राज्याच्या परिवहन खात्याने अशा गाड्यांवर कारवाई सुरू केली होती.

लगाम काढला की ती कायद्याने मोटारगाडी ठरते. मग लायसन नसेल तर ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठा धोका निराळाच. गाडीला विमा नसतो. कुणाला धक्का लागून इजा झाली, तर भरपाई आपल्याच घरातून द्यावी लागते.

ते गृहस्थ गप्प झाले. मग म्हणाले, "आता नंबर काढून घेतो की!"

आम्ही सांगितले, "तसं होत नाही. जो नमुना मोटारगाडी म्हणून तपासलाच नाही, त्याची नोंदणी होत नाही. दुकानदाराकडून लगाम परत बसवून घ्या आणि दाखल्याची प्रत मागा. नाहीतर नोंदणीची स्कूटर घ्या."

नोंदणीच्या विजेच्या स्कूटरला हिरवी पाटी असते. घरच्या वापराच्या गाडीवर पांढरी अक्षरे असतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकणकडे नंबर एम.एच. १४ ने सुरू होतो. तिला विमा, लायसन आणि हेल्मेट लागतेच. आधी शिकाऊ लायसन काढावे. तीस दिवसांनी गाडी चालवून दाखवली की पक्के मिळते.

प्रश्न : एक गाडी १० मिनिटांत ६ किलोमीटर जाते. तिला लायसन लागेल का? हिशेब करून सांगा.