शाळेच्या अंगणात दडलेली भूमिती

सुरत–धुळे महामार्गावर, नवापूर तालुक्यात विसरवाडी हे गाव वसले आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला आणि विसरवाडी या नव्या जिल्ह्यात आली. या परिसरातील अनेक मुलांच्या घरी मावची किंवा कोकणी बोलली जाते. काटकोन, समांतरभुज चौकोन, सममिती हे शब्द त्यांना पुस्तकात प्रथमच भेटतात. या शब्दांमागील वस्तू मात्र शाळेची इमारत, व्हरांडा आणि कबड्डीचे मैदान यांत रोज डोळ्यांसमोर असते. ती शोधून काढण्याचा खेळ म्हणजे भूमितीचा खजिना शोध.

खेळाची रीत सोपी आहे. पाच-पाच मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी, एक मोजपट्टी, बारीक दोरी आणि जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद द्यावा. चिठ्ठीतील कोडे सुटले की पुढील चिठ्ठीची जागा कळते. चिठ्ठीवर शब्द थोडे आणि चित्र मोठे असावे, म्हणजे ज्या मुलाचे वाचन अडखळते तेही शोधात मागे राहत नाही. मात्र ‘काटकोन शोधा’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी फारशी उपयोगाची नाही. दार, फळा, खिडकी अशी नावे मुले क्षणात सांगतात आणि शोध तेथेच संपतो. ‘हा काटकोन आहे हे कशावरून?’ असे चिठ्ठीने विचारले, की खरे काम सुरू होते.

पहिले साधन वर्तमानपत्राचा कागद. तो एकदा कसाही दुमडावा. मग त्या घडीची कड तिच्यावरच नेमकी बसेल अशा रीतीने पुन्हा दुमडावा. जो कोपरा तयार होतो तो काटकोन असतो, कारण सरळ कोनाचे दोन समान भाग झालेले असतात. हा घरगुती गुण्या खिडकीच्या चौकटीला किंवा पायरीला लावून पाहावा. फट दिसली नाही तर काटकोन. कागद कोनात मावला नाही तर लघुकोन. कागदापलीकडे जागा उरली तर विशालकोन. भिंतीच्या कोपऱ्यात गिलावा बहुधा गोलसर झालेला असतो. तेथे कागदाचे टोक किंचित कापून टाकावे, नाही तर चांगला कोपराही चुकीचा ठरतो.

मैदानावर हा कागद पुरत नाही, आणि शोधाचा सर्वांत रंजक टप्पा तेथेच आहे. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. समजा, फक्कीने ते आखताना चारही बाजू अचूक मोजल्या, पण कोपरे नजरेनेच धरले. चिठ्ठीत लिहावे : ‘समोरासमोरचे कोपरे दोरीने जोडा, दोऱ्या जेथे छेदतात तेथील दगड उचला.’ मुले दोऱ्या ताणतात, दगडाखाली पुढील चिठ्ठी सापडते आणि मैदान बरोबर आहे असा निष्कर्ष ती काढतात. येथे शिक्षकांनी थांबवावे. कोणत्याही समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात. मैदान तिरपे असले तरी दगड त्याच जागी सापडणार. म्हणून पुढचा प्रश्न विचारावा : दोन्ही दोऱ्यांची लांबी सारखी आहे का?

कोपरे खरोखर काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण सुमारे १६.४० मीटर भरतात. दोन कोपरे ९० ऐवजी ८७ अंशांचे झाले, तर उरलेले दोन ९३ अंशांचे होतात. तीन अंशांचा हा फरक उभ्या माणसाच्या नजरेला सहसा जाणवत नाही. पण आता एक कर्ण सुमारे १६.८१ मीटर आणि दुसरा सुमारे १५.९८ मीटर होतो. चारही बाजू बिनचूक असून कर्णांत ८३ सेंटिमीटरांची तफावत! बाजू मोजून जे कळले नाही ते कर्णाने सांगितले.

दुरुस्तीही मुलांच्याच हातून करून घ्यावी. एका कोपऱ्यापासून लांबीच्या रेषेवर ४ मीटरवर खूण करावी. त्याच कोपऱ्यापासून रुंदीच्या दिशेला ३ मीटरची दोरी धरावी आणि पहिल्या खुणेपासून ५ मीटरची. दोन्ही दोऱ्यांची टोके जेथे मिळतात, त्या बिंदूतून काढलेली रेषा लांबीशी काटकोन करते. यज्ञवेदी आखण्यासाठी रचलेल्या बौधायन शुल्बसूत्रांत अशा दोरीच्या काटकोन त्रिकोणांची नोंद आहे. दोरी ताणली जाणारी नसावी. काथ्याची दोरी ओढ बसताच वाढते. त्रिकोणही लहान घेऊ नये. ३०, ४० आणि ५० सेंटिमीटरांच्या त्रिकोणात सर्वांत मोठी बाजू एका सेंटिमीटरने वाढली तर कोन सुमारे अडीच अंशांनी बिघडतो. मीटरच्या त्रिकोणात तेवढीच चूक झाली तर बिघाड पाव अंशाचाही होत नाही.

मैदान तिरपे का होऊ शकते, याचे उत्तर पुढील चिठ्ठी छपराकडे नेऊन देते. बांबूच्या चार पट्ट्या टोकांना सैलसर बांधून चौकट करावी आणि एका कोपऱ्यावर दाबावे. बाजू तेवढ्याच राहतात, चौकट मात्र कलते. तीन पट्ट्यांची चौकट कलत नाही, कारण तिन्ही बाजू ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. छपराच्या कैचीत त्रिकोण दिसतात ते याचसाठी. चौकटीत आडवी-तिरपी एक पट्टी बांधली की तिचे दोन त्रिकोण होतात आणि तीही घट्ट बसते. शाळेच्या फाटकावरील तिरपी पट्टी हेच काम करते. मैदानावर कर्णाची दोरीही दुसरे काही करीत नव्हती.

छपराचा त्रिकोण समद्विभुज आहे का, हे वर न चढता कळते. इमारतीवर मंगलोरी कौले असतील तर आढ्यापासून वळचणीपर्यंत दोन्ही पाख्यांवरील ओळी मोजाव्यात. कौले एकाच मापाची असल्याने ओळी सारख्या म्हणजे उतार सारखे. व्हरांड्यावर पाखे पुढे ओढलेले असेल तर त्या बाजूला ओळी अधिक भरतील आणि त्रिकोण समद्विभुज राहणार नाही. अशी इमारत समोरून सममित दिसते, बाजूने नाही.

सममितीच्या शोधात मुलांची एक चूक हमखास होते. आयताला किती सममिती अक्ष, असे विचारले की ती कर्णही मोजून चार सांगतात. आयताकृती कागद कर्णावर दुमडायला द्यावा. कोपरे एकमेकांवर न बसता बाहेर डोकावतात. लांबीच्या आणि रुंदीच्या मध्यावरील घड्याच तेवढ्या जुळतात. कबड्डीच्या मैदानाची मध्यरेषा अशीच एक घडी आहे, म्हणून दोन्ही संघांना सारखे अंगण मिळते. दाराची चौकट आयत असली तरी कडी आणि बिजागऱ्या लक्षात घेतल्या की दाराला एकही अक्ष उरत नाही.

शेवटची चिठ्ठी ध्वजस्तंभापाशी ठेवावी. तिरंग्याची लांबी आणि रुंदी ३:२ या प्रमाणात असते. म्हणजे तोही आयतच. परंतु वर केशरी आणि खाली हिरवा पट्टा असल्याने आडवी घडी जुळत नाही, उभी मात्र जुळते. त्यावरील अशोकचक्राला २४ आरे आहेत, म्हणून लगतच्या दोन आऱ्यांमध्ये १५ अंशांचा कोन होतो. काटकोन भरायला असे सहा कोन लागतात. हे पाहायला खरा ध्वज उतरवू किंवा दुमडू नये. वहीत काढलेले चित्र पुरते.