अंगठा आणि बोटांची टोकं सुटतात

प्रश्न : मी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांना हात स्वच्छ करण्याच्या पायऱ्या शिकवायच्या आहेत. स्लाइडवर नेमकं काय घालू?

उत्तर : सिस्टर, सगळ्या पायऱ्या एकाच स्लाइडवर कोंबू नका. तळवे, पालथे हात, बोटांच्या बेचक्या आणि बोटांच्या मागच्या बाजू यांना एक स्लाइड पुरे. अंगठा आणि बोटांची टोकं मात्र हमखास सुटतात, म्हणून त्यांना स्वतंत्र स्लाइड द्या. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून गोल चोळायचा, मग टोकं तळव्यावर गोल घासायची. सलाइन लावताना रुग्णाला हीच टोकं लागतात.

पुढे वेळ. हँडरब तळवाभर घेऊन 20 ते 30 सेकंद चोळायचं. दहा सेकंदांतच हात सुकले, तर ते कमी घेतलं असं समजा. हात मळलेले दिसत असतील किंवा रुग्णाला सी. डिफिसाइलचे जुलाब असतील, तर साबण-पाणीच, 40 ते 60 सेकंद. त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

स्लाइड संपल्यावर अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन सगळ्यांना हँडरबसारखं चोळायला लावा आणि खोलीत अंधार करा. दिव्याखाली जो भाग चमकत नाही, तो सुटलेला.