टॅब आहे ना, मग काळजी कशाची?

माझी वहिनी घरी ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकांची मापं, गळ्याच्या डिझाइनचे फोटो, ‘शुक्रवारी नेते’ असले निरोप, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. तिचा फोन पाण्याच्या टाकीत पडला आणि पुन्हा चालू झालाच नाही. तरी ती निर्धास्त होती. हातात घड्याळ होतं, घरात टॅब होता आणि टॅबवर सगळी चॅट दिसत होती.

आधी घड्याळाचं बघू. तिचं घड्याळ साधं, ब्लूटूथवर चालणारं. अशा घड्याळात व्हॉट्सअ‍ॅप नसतंच. फोनवर आलेल्या नोटिफिकेशनची ओळ ते उचलून दाखवतं, बस. आम्ही उघडलं तेव्हा एके ठिकाणी होतं, ‘ताई, बाही साडेदहा ठेवा आणि गळ्याला…’ आणि पुढे काही नाही. गळ्याचं माप फोनबरोबर बुडालं. फोटोच्या जागी नुसतं ‘फोटो’ असं लिहिलेलं. वहिनीने काय उत्तर दिलं त्याचा पत्ता नाही, कारण आपण पाठवलेल्या मेसेजची नोटिफिकेशन आपल्याला येत नाही. त्यातून जेवढं वाचता आलं तेवढं वहीत उतरवलं.

टॅबची गोष्ट वेगळी. तिथे व्हॉट्सअ‍ॅप असतं, पण फोनला जोडलेलं उपकरण म्हणून. जोडताना फोन अलीकडच्या चॅटचा एक गठ्ठा कुलूपबंद करून टॅबकडे पाठवतो आणि नंतरचे मेसेज टॅबवर थेट येत राहतात. त्यामुळे फोन बंद पडला तरी टॅब चालू असतो. मात्र मूळ फोन चौदा दिवसांहून जास्त वापरला गेला नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉगआउट होतात. म्हणजे वहिनीच्या हातात जवळपास दोन आठवडे होते, पण तिला ते कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती दुकानातून नवा फोन घेऊन आली. दुकानातल्या मुलाने सिम घातलं, ओटीपी टाकला, व्हॉट्सअ‍ॅप सुरू करून दिलं. घरी येऊन बघते तर टॅबवर चॅटऐवजी जोडणीचा क्यूआर कोड!

नवा फोन नोंदवला की जुन्या फोनच्या आधाराने चालणाऱ्या जोडण्या तुटतात. टॅब पुन्हा जोडला तर तो नव्या फोनकडेच इतिहास मागतो, आणि नवा फोन रिकामा. टॅबवरून फोनकडे जुनी चॅट पाठवायची सोय नाही. टॅबवरून गुगल ड्राइव्हवर बॅकअपही घेता येत नाही, तो मूळ फोनच घेतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवरही पोहोचलेले मेसेज साठवलेले नसतात. न पोहोचलेले तेवढे तीस दिवसांपर्यंत थांबतात.

तेव्हा फोन गेला आणि टॅब अजून चालू असेल, तर ओटीपीला हात लावण्याआधी टॅबसमोर बसा. महत्त्वाच्या चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, फोटो टॅबच्या गॅलरीत उतरवा, आवाजी निरोप घरातल्या कोणाला तरी फॉरवर्ड करून ठेवा. काम कंटाळवाणं आहे खरं, पण टॅबमधून काही वाचवायचं तर एवढाच मार्ग आहे.

वहिनीचं पुढे काय झालं तेही सांगतो. नव्या फोनवर ‘बॅकअप सापडला नाही’ असं आलं होतं. कारण साधं निघालं. दुकानात नवं जीमेल खातं उघडून दिलं होतं आणि बॅकअप जुन्या खात्यात होता. जुना पासवर्ड तिच्या डायरीत सापडला. ते खातं फोनमध्ये जोडलं, नव्या फोनवर दोन दिवसांत आलेली मापं आधी वहीत लिहून घेतली (रिस्टोअर केल्यावर ती राहतीलच असं नाही), मग व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, तोच नंबर दिला. या वेळी `Restore` विचारलं. हा पडदा घाईघाईत `Skip` करणारे कमी नाहीत.

चॅट आली, पण तीन महिन्यांपूर्वीपर्यंतचीच. गुगलची फुकट १५ जीबी जागा फोटोंनी भरली होती, म्हणून पुढचे बॅकअप झालेच नव्हते. मधल्या काळातल्या गिऱ्हाइकांना आम्ही फोन केले. चॅट त्यांच्या फोनवर शाबूत होती. चॅट उघडून `Export chat` दाबलं की मेसेज मजकुराच्या फाइलमध्ये येतात. ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत घालता येत नाही, पण वाचता येते, आणि वहिनीला मापंच हवी होती. दोघीतिघींनी फाइल पाठवली. एकीने मात्र सांगितलं, ‘ताई, मी सगळं डिलीट केलंय, पुन्हा माप घ्यायला येते.’